18 हजार बिलांतून सॅम्पल काढायचं कसं, तपासायचं काय आणि सापडलेलं लिहायचं कसं

प्रश्न: इंटर्नल ऑडिटमध्ये नवीन आहे. व्हेंडर बिलांचं पॉप्युलेशन 18 हजारच्या वर आहे, सिनियर म्हणतात 25 घे आणि बघ. 25च का? निवडायची कशी, तपासायचं नक्की काय, आणि 2-3 ठिकाणी गडबड सापडली तर रिपोर्टमध्ये लिहायचं काय?

25 वाईट नाही हो, पण 25 कशाला पुरतात ते आधी बघा. समजा एकूण बिलांपैकी 11 टक्के बिलांत गडबड आहे. तरीसुद्धा तुम्ही रँडम काढलेल्या 25मध्ये एकही गडबडीचं न येण्याची शक्यता साधारण 20 मध्ये एक एवढी राहते. म्हणजे 25 तपासली, सगळी स्वच्छ निघाली, तर 95 टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की चुकांचा दर साधारण 11 टक्क्यांच्या वर नाही. ज्या कंपनीला 11 टक्के चालतात तिथे 25 घ्या की. व्हेंडर पेमेंटला एवढं कुणालाच चालत नाही, म्हणून सिनियरना उलट विचारा की आपण किती टक्क्यांपर्यंत सहन करणार आहोत. आकडा त्यातून निघतो, 25 वरून उलटं जायचं नसतं.

तुमच्या पॉप्युलेशनएवढंच एक काम उदाहरण म्हणून घेतो. चाकण बाजूची ऑटो पार्ट बनवणारी कंपनी, सॅपवर चालणारी, वर्ष एप्रिल 2023 ते मार्च 2024. ओळख पटू नये म्हणून आकडे बदललेत, पण घडलं ते असंच.

पहिलं काम सॅम्पल काढायचं नसतं, पॉप्युलेशन पूर्ण आहे का हे बघायचं असतं आणि नेमकं हेच लोक टाळतात कारण कंटाळवाणं आहे. पर्चेसने आम्हाला एक्सेल डम्प दिला, 18,640 बिलं, बेरीज 211.60 कोटी. छान वाटतं, पण हा डम्प कुणी काढला, कुठला फिल्टर लावून काढला हे आपल्याला माहीत नाही. मग आम्ही जीएलमधून व्हेंडर रेकन्सिलिएशन अकाउंटचे वर्षभराचे क्रेडिट काढले, ते आले 216.90 कोटी. 5.30 कोटींचा फरक. त्यातले 1.20 कोटी रिव्हर्सल आणि फॉरेक्सच्या एन्ट्री होत्या, ते जुळलं. उरलेले 4.10 कोटी म्हणजे 612 बिलं अशी होती जी पीओशिवाय थेट अकाउंट्सने FB60 मध्ये बुक केलेली. पर्चेसचा डम्प होता `RE` डॉक्युमेंट टाइपचा, म्हणजे MIRO मधून पीओवर बुक झालेल्या बिलांचा, आणि ही 612 होती `KR` टाइपची.

आता गंमत बघा, आमची टेस्ट काय होती? "प्रत्येक बिलामागे आधी मंजूर झालेला पीओ आहे का." आणि ज्या डम्पमध्ये फक्त पीओवालीच बिलं आहेत त्यातून कितीही सॅम्पल काढलं तरी पीओ नसलेलं बिल सापडणारच नाही, हजार काढा नाहीतर दहा हजार. ते 612 आम्ही वेगळं पॉप्युलेशन धरलं. त्यात बरंचसं भाडं, वीज बिल, वकिलांची फी असं कंपनीच्या पॉलिसीप्रमाणे पीओ न लागणारंच होतं, पण काही रिपेअरची आणि ट्रान्सपोर्टची बिलंही तिथेच बसलेली, ती वेगळी काढून बघितली. सांगायचा मुद्दा असा की डम्प शक्यतो स्वतः काढा, जमत नसेल तर काढताना स्क्रीनसमोर बसा, निवडीच्या स्क्रीनचा स्क्रीनशॉट घ्या, आणि बेरीज ट्रायल बॅलन्सला जुळवून ते वर्किंग पेपरमध्ये लावा. छोट्या कंपनीत टॅली असेल तरी हेच, परचेस रजिस्टरची बेरीज लेजरला लागली पाहिजे आणि जर्नलमधून पार्टीला क्रेडिट दिलंय का ते वेगळं बघायचं.

मग 18,640 मधली 50 लाखांवरची बिलं, जी 46 निघाली, ती बाजूला काढून सगळीच्या सगळी तपासली. हे सॅम्पल नाही, आणि त्यात जे सापडेल ते बाकीच्यांवर लागू करायचं नाही. तसंच "हा व्हेंडर जरा संशयास्पद वाटतो" म्हणून हाताने उचललेली बिलं असतील तर तीही वेगळ्या शीटवर. हाताने उचललेल्या 20 पैकी 6 चुकीची म्हणजे 30 टक्के चूक असं कुणी लिहिलं की क्लोजिंग मीटिंगमध्ये ऑडिटची पार वाट लागते, कारण तुम्ही वाईटच शोधून आणलीत हे समोरच्याला लगेच कळतं आणि त्याचं बरोबरही असतं.

उरली 18,594. आता किती? आम्ही ठरवलं की 5 टक्क्यांपर्यंत चूक सहन करू, खात्री 95 टक्के हवी, आणि मागच्या वर्षाच्या अनुभवावरून एखादं एक्सेप्शन येईल असं धरू. यावर तयार टेबलं मिळतात, त्यात आकडा येतो 93, आणि त्यात एक एक्सेप्शन चालतं. टेबलावर विश्वास नसेल तर एक्सेलमध्ये स्वतः पडताळा:

```
=BINOM.DIST(1,93,0.05,TRUE)
```

उत्तर 0.05 च्या किंचित खाली येतं. म्हणजे खरा दर 5 टक्के असता तर 93 मध्ये एक किंवा शून्य सापडण्याची शक्यता 5 टक्क्यांहून कमी. 92 टाकलंत तर ते 0.05 च्या वर जातं, म्हणून 93. एकही एक्सेप्शन येणार नाही असं गृहीत धरलं तर 59 पुरतात, पण मग एक जरी आलं तरी टेस्ट फेल, आणि तेव्हा धावपळ करून सॅम्पल वाढवायचं हे दिसायलाही वाईट दिसतं. म्हणून थोडं जास्तच घ्यावं या मताचा मी आहे.

यात पॉप्युलेशनचा आकडा कुठेच आला नाही हे लक्षात आलं का? नवीन मुलांना हे पटत नाही, त्यांना वाटतं 18 हजारांना 93 तर 1 लाख 80 हजारांना 930. तसं नसतं. शितावरून भाताची परीक्षा करताना पातेलं केवढं आहे याने फरक पडत नाही, भात एकाच पातेल्यातला हवा एवढंच. दोन पातेली असतील आणि आपल्याला ते माहीतच नसेल तर मात्र फसगत, त्याकडे येतो.

निवड करताना एक बारीक गोष्ट. एक्सेलमध्ये प्रत्येक ओळीसमोर =RAND() टाकून सॉर्ट करणं ठीक आहे, पण RAND प्रत्येक एन्टरला बदलतो, त्यामुळे आकडे आधी व्हॅल्यू म्हणून पेस्ट करा मग सॉर्ट करा, आणि ती शीट तशीच जपा. नाहीतर सहा महिन्यांनी रिव्ह्यूअरने विचारलं की हीच 93 का, तर दाखवायला काही नसतं, आणि "आवडली नाहीत म्हणून पुन्हा एफ 9 दाबलं" असा संशय घ्यायला जागा राहते. पायथॉन येत असेल तर एक ओळीत होतं आणि सीड दिल्यामुळे कुणीही पुन्हा चालवून तीच यादी काढू शकतो:

```
sample = bills.sample(n=93, random_state=2024)
```

ऑडिटीला यादी द्यायच्या आधी बसून लिहायचं की एक्सेप्शन म्हणजे काय. हे माझ्या मते अख्ख्या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं पान, आणि बहुतेक फाइलींमध्ये ते नसतंच, "थ्री-वे मॅच चेक केलं" एवढंच लिहिलेलं असतं. आम्ही दोनच गोष्टी धरल्या होत्या. पहिली, पीओ रिलीज झाल्याची तारीख बिलाच्या तारखेच्या आधीची किंवा त्याच दिवशीची हवी. पीओ बनवल्याची नाही, रिलीजची, आणि ती चेंज लॉगमधून घ्यायची, पीओच्या प्रिंटवरून नाही. पीओत नंतर बदल झाला असेल तर मूळ रिलीज धरायची, फक्त रक्कम वाढलेली नसेल तर. दुसरी, जीआरएनची पोस्टिंग तारीख आणि गेटवरच्या इनवर्ड रजिस्टरची तारीख एकाच महिन्यातली हवी, सर्व्हिस असेल तर गेटच्या जागी सही केलेलं जॉब कार्ड. बिलाचा रेट-क्वांटिटी मॅच सॅप स्वतः करतं आणि टॉलरन्सच्या बाहेर गेलं तर ब्लॉक करतं, ते आम्ही सिस्टिमचं सेटिंग म्हणून वेगळं तपासलं, 93 वेळा कॅल्क्युलेटर बडवत बसण्यात अर्थ नव्हता.

हे आधी लिहून ठेवायचं कारण असं की बिल हातात आल्यावर समोरचा माणूस चांगलं कारण सांगतो आणि आपलं मन वळतं. "साहेब, मशीन बंद होतं, पीओ दोन दिवसांनी झाला, त्यात काय." कारण खरं असतं, पण म्हणून ते एक्सेप्शन राहत नाही असं होत नाही, ते कारण म्हणून लिहायचं.

कागद मिळाला नाही तर? यादीतल्या एका बिलाचं जॉब कार्ड मिळत नव्हतं, स्टोअरवाले म्हणाले त्याऐवजी दुसरं घ्या की, एवढी आहेत. इथे नियम सरळ आहे, आयसीएआयच्या एसए 530 मध्येही तोच आहे: निवडलेला आयटम टेस्टला लागूच होत नसेल, उदाहरणार्थ डॉक्युमेंट रीतसर रद्द झालेलं असेल, तर बदली आयटम घेता येतो, पण कागद मिळत नाही म्हणून तपासता आलं नाही तर ते एक्सेप्शनच धरायचं. जे सापडत नाही ते बदलत गेलात तर तुमच्या सॅम्पलमध्ये फक्त नीट फाइल केलेली बिलंच उरतात. आम्ही हे स्टोअरला सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी जॉब कार्ड मिळालं, ते असो, पण मिळालेल्या कार्डावरची शाई किती ताजी आहे तेही बघायचं असतं. ते बरोबर होतं, कामगाराच्या शिफ्ट हजेरीशी जुळलं.

आता निकाल. जीआरएनच्या टेस्टमध्ये एकच निघालं, पण ते जरा सविस्तर सांगतो कारण तपासायचं कसं ते त्यात दिसतं. स्टीलच्या कॉइलचं बिल, जीआरएन पोस्टिंग 28 मार्च, पीओ जुना, रक्कम बरोबर, प्रिंटवर सगळं स्वच्छ. सॅपमध्ये एका डॉक्युमेंटला तीन तारखा असतात, डॉक्युमेंटची `BLDAT`, पोस्टिंगची `BUDAT` आणि प्रत्यक्ष सिस्टिममध्ये कधी टाकलं ती `CPUDT`. पहिल्या दोन माणूस टाइप करतो, तिसरी सिस्टिम स्वतः मारते. इथे `CPUDT` होती 3 एप्रिल. उशिरा एन्ट्री म्हणून सोडून देता आलं असतं, पण गेटचं रजिस्टर उघडलं तर गाडी आत आली 2 एप्रिलला संध्याकाळी, वजनकाट्याची पावतीही त्याच दिवसाची. म्हणजे माल पुढच्या वर्षात आला आणि जीआरएन मागच्या वर्षात ओढला. गेटवरचा सिक्युरिटीवाला काही पर्चेसला रिपोर्ट करत नाही, म्हणून त्याचं रजिस्टर हा तुमच्या हातातला सगळ्यात भक्कम पुरावा असतो. ऑफिसातल्या कागदांवरून ऑफिसातलेच कागद तपासत बसू नका, जरा उठून गेटपर्यंत चालत जा.

93 मध्ये एक म्हणजे टेबलाप्रमाणे पास. पण हे चुकून झालेलं नव्हतं, मार्चअखेर महिना बंद करताना कुणीतरी तारीख मुद्दाम मागे घेतली होती, आणि असल्या गोष्टीला टक्केवारी लावून "मर्यादेत आहे" म्हणून सोडायचं नसतं. आम्ही लगेच मार्चमध्ये पोस्ट झालेले पण `CPUDT` एप्रिलची असलेले सगळे जीआरएन काढून गेट रजिस्टरला लावले. तो वेगळा मुद्दा झाला, कट-ऑफचा, तो स्टॅट्युटरी ऑडिटरच्याही कामाचा असतो. आणि हो, असं काही दिसलं आणि त्यामागे पैशाचा वास आला तर त्याच माणसाला जाऊन विचारू नका, आधी आपल्या हेडला सांगा.

पीओच्या टेस्टमध्ये पाच बिलं खटकली. खटकलेलं प्रत्येक एक्सेप्शन नसतं, त्याला आधी क्वेरी म्हणायचं. त्यातलं एक पीओच्या बदलामुळे दिसत होतं, मूळ रिलीज जुनी होती आणि रक्कम तीच, ते सुटलं. दुसऱ्यात मूळ कागदी बिलावर 12 मार्च आणि सिस्टिममध्ये 2 मार्च टाइप झालेलं, पीओ 6 मार्चचा, म्हणजे पीओच्या बाबतीत तेही सुटलं. पण ही टायपिंगची चूक मी नोंदवून ठेवली, कारण पुढे `BLDAT` या फील्डवर किती भरवसा ठेवायचा हे त्यावरून ठरणार होतं. उरली तीन, खरी एक्सेप्शन, तिन्हीत पीओ बिलानंतर 4 ते 11 दिवसांनी रिलीज झालेला.

93 मध्ये तीन. इथे ऑडिटी लगेच म्हणतो, "तीनच तर आहेत, 97 टक्के बरोबर." तुमचं उत्तर असं हवं की 3.2 टक्के हा सॅम्पलचा दर आहे, पॉप्युलेशनचा दर त्याहून कितीतरी जास्त असू शकतो आणि तो किती ते असं काढायचं:

```
=BETA.INV(0.95, 3+1, 93-3)
```

येतं 8.1 टक्के. म्हणजे 95 टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की दर 8.1 च्या आत आहे. आपण ठरवलेली मर्यादा 5, त्यामुळे या कंट्रोलवर अवलंबून राहता येत नाही, टेस्ट फेल. एक एक्सेप्शन असतं तर हाच फॉर्म्युला 5.0 देतो, दोन असती तर 6.6. आणि इथे सॅम्पल वाढवून "बघू, पुढच्या शंभरात काही नाही सापडलं तर पास करू" असला मोह होतो, तो करू नका. आधी ठरवलेल्या नियमाने फेल झालं म्हणजे झालं, पुढचं काम आहे ते का झालं हे शोधायचं.

आणि आता ती दोन पातेली. तिन्ही एक्सेप्शन सर्व्हिसच्या पीओंची होती, मेंटेनन्सची, मशीन रिपेअर. 93 मध्ये सर्व्हिसची बिलं होतीच मुळात 15, बाकी 78 मटेरियलची, त्यात शून्य. आता सॅम्पल काढून झाल्यावर त्याचे तुकडे करून मोठमोठे निष्कर्ष काढायचे नसतात, 15 हा आकडा फार छोटा आहे आणि नंतर बघून कुठल्याही तीन चुकांमध्ये काहीतरी सारखं सापडतंच. पण कुठे खणायचं ते कळलं. पीओची रिलीज तारीख आणि बिलाची तारीख दोन्ही सिस्टिममध्ये आहेत, मग सॅम्पल कशाला, सगळ्या 18,594 वर तुलना लावली. सर्व्हिसची बिलं 2,960, त्यात 412 मध्ये पीओ नंतरचा, जवळजवळ 14 टक्के. मटेरियलच्या 15,634 मध्ये फक्त 9.

आता जरा गणित करा. 421 भागिले 18,594, म्हणजे 2.3 टक्के. अख्खं पॉप्युलेशन एकत्र धरलं तर आपल्या 5 टक्क्यांच्या मर्यादेच्या आतच! सॅम्पलमध्ये योगायोगाने तीनच्या जागी एक आलं असतं, जे अगदी सहज शक्य होतं, तर टेस्ट पास झाली असती, आणि प्रत्येक सातव्या सर्व्हिस बिलाला पीओ मागाहून बनतोय हे कुणाला कळलंच नसतं. खरं म्हणजे सर्व्हिस आणि मटेरियल ही दोन वेगळी पॉप्युलेशन आहेत, मंजुरी वेगळी, माणसं वेगळी, पुरावा वेगळा. एकत्र सॅम्पल काढायचं ठरलं ते प्लॅनिंग मेमोत "व्हेंडर बिलं" असा एकच शब्द होता म्हणून. तुम्ही प्लॅन करताना असं विचारा की हे बिल मंजूर होण्याचा रस्ता सगळीकडे एकच आहे का, रस्ते दोन असतील तर सॅम्पलही दोन.

मग सगळंच 100 टक्के का तपासत नाही असं विचाराल. तारखांची तुलना सिस्टिम करते, पण ती तारीख खरी आहे का, जॉब कार्डावर सही आहे का, काम झालंय का हे डेटात दिसत नाही. म्हणून आम्ही त्या 412 मधली 30 रँडम काढून मूळ बिलं बघितली, 28 खरी निघाली आणि 2 मध्ये पुन्हा तीच टायपिंगची भानगड. रिपोर्टमध्ये हे दोन्ही आकडे गेले. 412 हा आकडा ठामपणे छापून मॅनेजमेंटने त्यातली दोन खोटी पाडून दाखवली की उरलेल्या 410 वर कुणी बोलत नाही, सगळी मीटिंग त्या दोनवर जाते.

कारण शोधायला मेंटेनन्सच्या शिफ्ट इनचार्जशी बोललो. रात्री प्रेस बंद पडते, लाइन थांबते, ओळखीच्या व्हेंडरला फोन जातो, तो माणूस पाठवतो, पहाटेपर्यंत काम होतं. पीओला प्लँट हेड आणि पर्चेस दोघांची रिलीज लागते, त्याला तीन-चार दिवस, इमर्जन्सीचा वेगळा रस्ता सिस्टिममध्येच नाही. माणसं नियम मोडत होती कारण नियमात त्यांच्या कामाला जागा नव्हती. मात्र त्याच 412 मध्ये 19 ठिकाणी एकाच व्हेंडरला सात दिवसांत दोन पीओ, प्रत्येक 2 लाखांच्या जरा खाली आणि बेरीज वर, आणि 2 लाखांच्या वर हेड ऑफिसची मंजुरी लागायची. हे मात्र ब्रेकडाऊनच्या नावाखाली जात नाही, म्हणून ते वेगळं लिहिलं, एकात मिसळलं नाही.

लिहायचं कसं, तर आमच्या रिपोर्टमधला पॅरा थोडक्यात असा होता:

"कंपनीच्या खरेदी धोरणानुसार सेवा घेण्यापूर्वी पीओ रिलीज होणे आवश्यक आहे. 2023-24 मधील 50 लाखांपर्यंतच्या पीओवरील 18,594 बिलांमधून रँडम निवडलेल्या 93 बिलांपैकी 3 मध्ये पीओ बिलाच्या तारखेनंतर 4 ते 11 दिवसांनी रिलीज झाल्याचे आढळले. तिन्ही बिले सेवांची आहेत. त्यानंतर सर्व सेवा बिलांच्या सिस्टिममधील तारखांची तुलना केली असता 2,960 पैकी 412 बिलांत हाच प्रकार दिसतो. त्यातील 30 मूळ कागदांशी पडताळली, 28 बरोबर निघाली. रात्रीच्या ब्रेकडाऊनसाठी तातडीच्या मंजुरीचा मार्ग उपलब्ध नाही हे मुख्य कारण आहे. यामुळे दर आणि कामाची व्याप्ती ठरण्यापूर्वीच कंपनी देणेदार होते. या बिलांत जादा रक्कम दिली गेली असे आमच्या तपासणीत आढळलेले नाही. दरांची तपासणी या कामाच्या कक्षेत नव्हती."

शेवटच्या दोन ओळी बघा, त्या घालायला लोक घाबरतात. पण त्या नसतील तर वाचणारा 412 बिलांची रक्कम म्हणजे नुकसान असं समजतो. 3 बिलांची रक्कम 93 वर भागून 18 हजारांनी गुणून "संभाव्य तोटा इतके कोटी" असं तर कधीच लिहू नका. आमचं सॅम्पल बिलांच्या संख्येवर काढलेलं होतं, प्रत्येक बिलाला निवडले जाण्याची समान संधी होती मग ते 2 हजारांचं असो की 20 लाखांचं, ते किती वेळा चुकतं एवढंच सांगतं, किती रुपयांची चूक आहे हे सांगत नाही. रुपयांवर बोलायचं असेल तर रकमेच्या प्रमाणात निवड होणारं वेगळं सॅम्पल लागतं.

पॅरात कुणाचं नाव नाही हेही बघा, पदही नाही. आणि ड्राफ्ट वर पाठवायच्या आधी तथ्यांवर प्रोसेस ओनरची लेखी संमती घ्यायची, ईमेल पुरतो. मत तुमचं राहू द्या, पण "ही 3 बिलं, या तारखा, बरोबर आहे ना" यावर होकार आला की ऑडिट कमिटीसमोर तारखांवरून वाद होत नाही. आमच्या पर्चेस हेडनी मुद्दा मान्य केला पण रेटिंग हाय ऐवजी मीडियम करा म्हणाले. पीओ उशिराचा मुद्दा आम्ही मीडियम केला कारण काम झाल्याचे जॉब कार्ड होते. पीओ तोडण्याचा मुद्दा हायच ठेवला.

उपाय म्हणून ठरलं ते असं: नेहमीच्या ब्रेकडाऊन व्हेंडरांशी वर्षाचे रेट कॉन्ट्रॅक्ट, आणि इमर्जन्सी पीओचा वेगळा टाइप जो जॉब कार्ड नंबर टाकल्याशिवाय बनत नाही आणि 48 तासांत रिलीज व्हावा लागतो, नाही झाला तर बिल ब्लॉक. "यापुढे काळजी घेतली जाईल" असा मॅनेजमेंट रिस्पॉन्स आला तर तो परत पाठवा, त्यात काय करणार, कोण, कोणत्या तारखेपर्यंत हे हवं.

फॉलो-अपला नवीन सिस्टिम सुरू झाल्यानंतरच्या तीन महिन्यांतली फक्त सर्व्हिसची बिलं घ्यायची, त्यातून ताजं सॅम्पल. जुनीच तीन बिलं पुन्हा काढून "आता पीओ आहे" म्हणून मुद्दा बंद करणारे लोक मी पाहिलेत, तिथे पीओ आधीही होता, उशिरा होता एवढंच. शिवाय आता कंट्रोल बदललाय, म्हणजे एक्सेप्शनची व्याख्याही पुन्हा लिहायची: इमर्जन्सी टाइप असेल तर जॉब कार्डच्या वेळेपासून 48 तास मोजायचे, आणि साध्या पीओला जुनाच नियम. त्यासोबत इमर्जन्सी टाइपचे पीओ महिन्याला किती बनतात आणि ब्रेकडाऊन रजिस्टरमध्ये तेवढे ब्रेकडाऊन आहेत का तेही लावून बघा, कारण सोपा रस्ता उघडला की साधी कामंही त्याच रस्त्याने जायला लागतात.